जोडाक्षर कुठे तुटतं?

मामांच्या पंच्याहत्तरीसाठी मी एक छोटा व्हिडिओ केला होता. मामा शाळेत शिक्षक होते, म्हणून सुरुवातीच्या पाटीवर लिहिलं, ‘विद्यार्थ्यांचे गुरुजी’. वर्डमध्ये ओळ छान दिसत होती. तीच व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केली, तर ‘व’च्या आधी यायची वेलांटी त्याच्या मागे जाऊन बसली, ‘द’चा पाय मोडून त्याच्या शेजारी अख्खा ‘य’ उभा राहिला आणि रफार डोक्यावर चढण्याऐवजी पूर्ण ‘र’ होऊन ओळीत आला. फाँट बिघडला असेल असं समजून मी तासभर फाँट बदलत बसले. दोष वेगळीकडेच होता.

युनिकोडमध्ये ‘विद्यार्थ्यांचे’ हा शब्द पंधरा चिन्हांनी साठवलेला असतो. ‘व’, मग वेलांटी, मग ‘द’, हलन्त, ‘य’, काना... अगदी उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी उचलून ‘व’च्या आधी नेणं, ‘द’ आणि ‘य’ जोडून ‘द्य’ करणं, रफार ‘र्थ्यां’च्या टोकाला चढवणं हे काम शेपिंग इंजिन करतं. जोडाक्षरांचे आकार आणि नियम फाँटमध्ये असतात, पण ते नियम वाचणारं इंजिन बंद असेल तर उत्तम फाँटही तुटकाच दिसतो.

व्हिडिओच्या काही सॉफ्टवेअरमध्ये हे इंजिन निवडावं लागतं. उदाहरणार्थ, प्रीमियर प्रोच्या Preferences मध्ये Graphics खाली Text Engine असतं, तिथे South Asian and Middle Eastern निवडायचं. आधी टाकलेली ओळ तरीही तुटकीच राहिली, तर ती पुसून पुन्हा पेस्ट करावी. इनडिझाइनमध्ये हेच काम परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेन्यूतला Adobe World-Ready Paragraph Composer करतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोयच नसेल, तर त्याच्याशी झगडू नका. इंकस्केपमध्ये पाटी तयार करा, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी काढा आणि ती चित्र म्हणून व्हिडिओवर ठेवा. चित्रातली अक्षरं तुटत नाहीत. मात्र मूळ फाइल जपून ठेवा, कारण चित्रात नंतर एक अनुस्वारही दुरुस्त करता येत नाही.

पीडीएफची गोष्ट जरा निराळी आहे. पीडीएफमध्ये साधारणपणे अक्षरांचे तयार आकार त्यांच्या जागांसह नोंदलेले असतात. म्हणजे जुळणी फाइल बनतानाच होऊन गेलेली असते. तेव्हा चुकली, तर उघडणाऱ्याने कितीही चांगला फाँट टाकला तरी ती सुधारत नाही. म्हणून लिब्रेऑफिससारख्या, जुळणी नीट करणाऱ्या प्रोग्राममधूनच पीडीएफ काढावी.

डोळ्यांना सगळं बरोबर दिसलं तरी एक चाचणी उरते. पीडीएफमधली ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. पुष्कळदा ‘विद्या’ची वेलांटी सर्वांत पुढे येते आणि ‘व’ तिच्या मागे. आकारांपासून पुन्हा अक्षरं काढताना वेलांटी जशी दिसली तशी, म्हणजे आधी, उचलली गेलेली असते. अशा फाइलीत शब्द शोधला तर सापडत नाही, आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबणारी अंध व्यक्तीही अडते. अक्षरांचं चित्र करून घातलं तर मजकूर उरतच नाही, म्हणून व्हिडिओचा तो उपाय पीडीएफमध्ये मी वापरत नाही. लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ काढताना Hybrid PDF हा पर्याय निवडला, तर मूळ दस्तऐवज त्याच फाइलीत सोबत जातो. वेलांटीचा दोष त्याने जात नाही, पण शुद्ध मजकूर हाताशी राहतो.

मामांच्या स्मरणिकेत मात्र सगळ्यांत मोठी चूक या कशानेच पकडली नसती. शेवटच्या पानावर आम्ही स्वयंपाक करणाऱ्यांचे आभार मानले होते, ‘आचाऱ्यांना मनःपूर्वक धन्यवाद’. छापून आलं ‘आचार्यांना’. एकही अक्षर तुटलेलं नव्हतं, फक्त आभार भलत्याच लोकांचे मानले गेले. आडवा ‘र’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ‘र’, हलन्त आणि त्यांच्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना हे जोडचिन्ह गळू शकतं, आणि ते गळलं की आडव्या ‘र’चा रफार होतो. दुसरी तऱ्हा म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’, त्याला हलन्त आणि ‘य’. यात गळण्यासारखं अदृश्य काही नसतं, म्हणून हीच वापरावी. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून j दाबला की ‘ऱ’ मिळतो. आधीच्या मजकुरात कोणती तऱ्हा आहे ते पाहायचं, तर ‘ऱ्या’च्या मागे कर्सर ठेवून एकेक खोडत जा. काना, ‘य’ आणि हलन्त गेल्यावर टिंबाचा ‘ऱ’ उरला तर ठीक. साधा ‘र’ उरला तर तो शब्द नव्याने टाइप करा.

आता कोणतंही मोठं काम हाती घेण्याआधी मी एकच ओळ टाकून बघते: ‘तिसऱ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी कृष्णाची मूर्ती आणि ट्रॅक्टर रंगवला.’ व्हिडिओ असेल तर पाच सेकंदांचा तुकडा, पीडीएफ असेल तर एक पान, पण एक्सपोर्ट करून आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून.