४७ अंकांनी हुकलेली खरेदी

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाजार बंद झाला की निफ्टीचा बंद भाव पाहायचा. तो धरून गेल्या दहा महिनाअखेरींच्या बंद भावांची सरासरी काढायची. भाव सरासरीच्या वर असेल तर पैसे शेअर बाजारातल्या इंडेक्स फंडात ठेवायचे. खाली असेल तर काढून लिक्विड फंडात न्यायचे आणि पुढच्या महिनाअखेरीपर्यंत त्यांच्याकडे बघायचं नाही. नियम एवढाच. स्प्रेडशीटमध्ये ‘ब’ रकान्याऐवजी B रकान्यात भाव उतरवले, तर एका ओळीत काम होतं:

```
=AVERAGE(B2:B11)
```

पुढच्या महिन्यात नवा भाव आत येतो आणि सगळ्यात जुना गळून पडतो, म्हणून हिला चल सरासरी म्हणतात. अमेरिकेतल्या मेब फेबर यांनी २००७ साली एका शोधनिबंधात दहा महिन्यांचा हा नियम मांडला आणि पुढच्याच वर्षी जगभरचे बाजार कोसळले. नियमाची कीर्ती त्या एका वर्षात झाली. आपल्याकडेही त्याची भलामण करणारे २००८ चाच दाखला देतात. म्हणून तोच दाखला आकडे मांडून तपासायला हवा.

डिसेंबर २००७ अखेर निफ्टी ६१३९ वर होता. जानेवारीत तो एका महिन्यात हजार अंकांनी पडून ५१३७ वर आला, पण दहा महिन्यांची सरासरी तेव्हा ४९६६ होती. नियम म्हणाला, थांबा. फेब्रुवारीअखेरही भाव सरासरीच्या वरच होता. मार्चअखेर निफ्टी ४७३५ आणि सरासरी ५१२३ झाली, आणि बाहेर पडायचा इशारा मिळाला. वरच्या टोकापासून बाजार तोपर्यंत बराच उतरला होता. सरासरीत जुने भाव असतात, त्यामुळे ती नेहमी उशिरा वळते. ज्याला शिखरावर विकायचं आहे, त्याच्या हा नियम कधीच उपयोगी पडणार नाही.

पण खरी पडझड त्यानंतर झाली. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली आणि नोव्हेंबर २००८ अखेर निफ्टी २७५५ वर होता. नियम पाळणारा या काळात बाहेर होता. परतीचा इशारा आला एप्रिल २००९ अखेर, जेव्हा निफ्टी ३४७४ आणि सरासरी ३३३५ होती. म्हणजे विकलं ४७३५ ला आणि परत घेतलं ३४७४ ला. तेवढ्याच पैशांत ३६ टक्के जास्त युनिट हातात आले. वेळही अशी साधली की तीन आठवड्यांच्या आत, १८ मे रोजी, लोकसभेच्या निकालानंतर निफ्टी एका दिवसात सतरा टक्क्यांहून जास्त उसळला आणि वरचं सर्किट लागून व्यवहार थांबवावे लागले.

ही गोष्ट साधारण इथेच संपवली जाते. पण दहाच महिने का? बारा का नाहीत? बारा म्हणजे पुरतं एक वर्ष, उलट तेच जास्त सहज सुचेल. तर तोच काळ बारा महिन्यांच्या सरासरीने पाहू.

मार्च २००८ अखेर बाहेर पडायचा इशारा इथेही मिळतो. मात्र एप्रिलअखेर निफ्टी ५१६६ वर गेला, बारा महिन्यांची सरासरी ५०५८ होती, म्हणून परत आत यावं लागलं. मेअखेर भाव ४८७० वर घसरला, म्हणून पुन्हा बाहेर. ४७३५ ला विकून ५१६६ ला घ्यायचं आणि महिन्याभरात ४८७० ला परत विकायचं, असा हा फटका. तो सोसून हा माणूस बाहेर बसला आणि नोव्हेंबरच्या तळापासून वाचलाही. मग एप्रिल २००९ ची अखेर आली. निफ्टी ३४७४. बारा महिन्यांची सरासरी ३५२१. सुमारे ४७ अंकांनी, म्हणजे दीड टक्क्याहून कमी फरकाने, खरेदी हुकली. पुढचा इशारा मेअखेर आला तेव्हा निफ्टी ४४४९ वर पोचला होता.

हे रुपयांत मांडतो. मार्च २००८ अखेर तिघांचे प्रत्येकी दहा लाख रुपये बाजारात होते असं धरू. लाभांश, लिक्विड फंडाचं व्याज, खर्च आणि कर सध्या बाजूला ठेवू. मे २००९ अखेर, काहीच न करता बसून राहिलेल्याचे ९ लाख ४० हजार झाले. दहा महिन्यांचा नियम पाळणाऱ्याचे १२ लाख ८१ हजार. बारा महिन्यांचा नियम पाळणाऱ्याचे ९ लाख ४३ हजार. नियम तोच, शिस्त तीच, आणि आपल्या आधुनिक बाजाराने पाहिलेली सगळ्यात मोठी पडझडही तीच. तरी एकाची चांदी झाली, आणि दुसरा हात न हलवणाऱ्याच्याच पंगतीला येऊन बसला.

यावरून बारा वाईट आणि दहा चांगले असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. आठ महिन्यांची सरासरी घेतली असती तर जानेवारी २००८ अखेरच, ५१३७ ला, बाहेर पडता आलं असतं आणि परत ३४७४ लाच आत येता आलं असतं. या एका पडझडीत आठ सरस ठरतं. दुसऱ्या पडझडीत दुसराच आकडा सरस ठरेल. मागचे आकडे चाळून सर्वोत्तम महिने शोधणारा माणूस बहुतेक वेळा त्या काळातला योगायोग शोधून काढतो, आणि तो योगायोग पुढच्या खेपेला सोबत येत नाही. कोणी मागच्या वीस वर्षांचा तक्ता दाखवून अमुक दिवसांची सरासरी विकत असेल, तर शेजारच्या आकड्यांचे निकालही मागावेत. जवळपासचे सगळे आकडे साधारण एकसारखं उत्तर देत असतील तरच त्यात काही तथ्य आहे.

मग बारा महिन्यांवाल्याला काहीच मिळालं नाही का? मिळालं, आणि माझ्या मते या नियमाचं खरं मोल तेच आहे. नोव्हेंबर २००८ अखेर बसून राहिलेल्याचे दहा लाख ५ लाख ८२ हजारांवर आले होते. बारा महिन्यांवाल्याकडे तेव्हा ९ लाख ४३ हजार शाबूत होते. सहा महिन्यांनी दोघे एकाच जागी आले हे खरं, पण डिसेंबरात ज्याला मुलीच्या शिक्षणाचे पैसे भरायचे होते किंवा ज्याची नोकरी गेली होती, त्याच्यासाठी हे दोन रस्ते एकसारखे नव्हते. महिनोन् महिने चालणाऱ्या खोल पडझडीत पैसा अर्धा होऊ न देणं, एवढंच काम हा नियम बऱ्यापैकी करतो. जास्त परतावा मिळाला तर तो त्या वेळचा योग समजावा.

बाजार झटकन पडून झटकन उठला, किंवा एकाच पट्ट्यात वरखाली होत राहिला, की हेही काम महाग पडतं. २०१९ आणि २०२० ही दोन वर्षं पाहा. पुन्हा दहा महिन्यांचीच सरासरी घेऊ. जुलै २०१९ अखेर निफ्टी ११,११८ वर होता, सरासरीच्या जेमतेम खाली. विक्री झाली. २० सप्टेंबरला केंद्र सरकारने कंपनी करात कपात जाहीर केली आणि निफ्टी एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त वाढला. महिनाअखेर परत घ्यावं लागलं ११,४७४ ला. तीन टक्के गेले. मग फेब्रुवारी २०२० अखेर ११,२०२ ला विक्री, आणि मार्चमधली कोरोनाची भीषण घसरण सुखरूप टळली. २३ मार्चला निफ्टी ७६१० वर बंद झाला होता. पण परतीचा इशारा जुलैअखेर ११,०७३ वर आला, तेव्हा देशात रोज पन्नास हजारांहून जास्त नवे रुग्ण सापडत होते. दोन्ही फेऱ्यांचा हिशेब केला तर कोरोना चुकवूनही युनिट दोन टक्क्यांनी कमीच झाले. बाहेर असतानाचं व्याज ती तूट जवळपास भरून काढतं, इतकंच.

त्यातही फेब्रुवारीची विक्री साधली ती घसरण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाली म्हणून. महिनाअखेरीऐवजी दर महिन्याच्या मध्याला भाव पाहणाऱ्याला १४ फेब्रुवारीला निफ्टी १२,११३ वर, सरासरीच्या वर दिसला असता. पुढच्या वेळी, १३ मार्चला, तो ९९५५ झालेला होता. तपासायचा दिवस दोन आठवड्यांनी बदलला आणि विक्रीच्या किमतीत अकरा टक्क्यांचा फरक पडला.

२००८ च्या हिशेबात न दिसणारी आणखी एक गोष्ट आज मध्ये येते. तेव्हा वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या इक्विटी फंडाच्या नफ्यावर करच नव्हता. तो २०१८ मध्ये परत आला आणि जुलै २०२४ पासून सव्वा लाखावरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के आहे. वर्षाच्या आत विकलं तर वीस टक्के. समजा तुमचे दहा लाख वाढून वीस लाख झाले आणि नियमाने विकायला सांगितलं. दहा लाख नफ्यातून सव्वा लाख वजा करून कर आणि उपकर मिळून १ लाख १३ हजार ७५० रुपये जातात. वीस लाखांचे हे सुमारे पावणेसहा टक्के. परत घेताना भाव निदान तेवढा खाली नसेल, तर पूर्वीइतके युनिट येणार नाहीत. हा कर पुढे कधीतरी द्यावाच लागला असता, हे मान्य. पण तोवर ती रक्कम बाजारात वाढत राहिली असती. जुलै २०१९ सारखा खोटा इशारा आला तर कर भरून वर महाग खरेदी, असा दुहेरी मार बसतो.

म्हणून पंचविशी-तिशीतल्या, दरमहा एसआयपी भरणाऱ्या माणसाने या भानगडीत पडू नये असं मी स्पष्ट म्हणेन. त्याची गंगाजळी लहान आहे, पडलेल्या भावात त्याला जास्त युनिट मिळतात आणि वाट पाहायला वेळ आहे. निवृत्ती पाच-सात वर्षांवर आलेल्या, मोठी रक्कम बाजारात असलेल्या माणसाला मात्र या नियमाचा विचार करता येईल. एनपीएसमध्ये शेअर आणि सरकारी रोखे यांचं प्रमाण बदलताना त्या वेळी कर लागत नाही, फक्त असे बदल वर्षातून ठरावीक वेळाच करता येतात. तिथे हा नियम म्युच्युअल फंडापेक्षा स्वस्तात पाळता येतो.

आणि पाळायचाच असेल तर सगळी रक्कम एका सरासरीवर लावू नये. तिचे तीन भाग करून एक आठ, एक दहा आणि एक बारा महिन्यांच्या सरासरीवर चालवावा. एप्रिल २००९ मध्ये असं केलं असतं तर दोन भाग ३४७४ ला आत आले असते आणि एकच भाग ४४४९ पर्यंत बाहेर राहिला असता. तिन्ही भाग मिळून मे २००९ अखेर तेव्हाचे दहा लाख साधारण पावणेबारा ते बारा लाखांच्या घरात गेले असते.