दोन ग्राहक, दोन पॅक

मोबाइल कंपनीला कोणता ग्राहक किती डेटा वापरेल हे ओळखता येत नाही. समजा, १ जीबीचे मोल कमी वापरणाऱ्याला १०० रुपये, जास्त वापरणाऱ्याला १५०. २ जीबीचे अनुक्रमे १४० आणि २७०. २ जीबी १४० रुपयांना दिले, तर दोघेही तेच घेतात; मिळकत २८०. म्हणून लहान पॅक मुद्दाम १ जीबीचा, १०० रुपयांना. तो घेतल्यास मोठ्या ग्राहकाचे ५० रुपये वाचतात. तेवढी बचत मोठ्या पॅकमध्येही ठेवावीच लागते, म्हणून त्याची किंमत २७० नव्हे, २२०. मिळकत ३२०. कात्री लागते ती लहान ग्राहकाच्या डेटाला. मोठे ग्राहक दुपटीहून जास्त असले, तर लहान पॅक बंद करणेच कंपनीला परवडते.