‘नाही’ येईपर्यंत

संपादकांनी मला तळेगाव दाभाड्याला पाठवलं ते एका व्याख्यानमालेवर लिहायला. व्याख्यानं मी ऐकली, पण वहीची पानं भरली ती स्टेशन भागातल्या एका घरात. तिथे निवृत्त मराठी शिक्षिका असलेल्या काकू त्या व्याख्यानांच्या व्हिडिओंना मराठी सबटायटल लावतात. भाषण मराठी आणि खालच्या ओळीही मराठीच.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली, ज्या भाषेत गाणं त्याच भाषेत खाली शब्द, या कामाला सुरुवात केली. लोकांचं वाचन सुधारावं हा त्यांचा हेतू होता. काकूंची गरज घरातली आहे. काकांनी तीस वर्षं एका फोर्जिंग शॉपमध्ये हातोड्यांच्या आवाजात काढली. अशा आवाजाने कान जातो तो आधी वरच्या पट्टीत, चार हजार हर्ट्झच्या आसपास. म्हणजे स्वर ऐकू येतात. स, श, त, च असे शब्दांचे काठ मात्र पुसले जातात. “कोणी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते नाही,” काका म्हणाले. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात असे कान आणखीही घरांत असतील.

काकू एजीसब हा मोफत प्रोग्राम वापरतात. पडद्यावर आवाजाचा आलेख पसरलेला असतो. त्यावर माऊसच्या डाव्या बटणाने ओळीची सुरुवात लावायची, उजव्याने शेवट. हे ऐकायला सोपं वाटतं. मी पहिली ओळ लावली तेव्हा काकूंनी मान हलवली. वक्ता ‘सांगतो’ म्हणत होता आणि मी खूण केली होती आलेखाचा डोंगर जिथे उभा राहतो तिथे. तो डोंगर ‘आ’चा. त्याआधीचा ‘स’ आलेखात जेमतेम दिसतो, पण तो सेकंदाचा दहावा भाग तरी चालतो. काकूंनी आलेखाच्या जागी स्पेक्ट्रोग्राम आणला. त्यात स्वरांचे पट्टे खाली दिसले आणि ‘स’चा धुरकट डाग वर, एकटा. काकांना जो आवाज ऐकू येत नाही, तो मला तिथे डोळ्यांनी दिसला. काकूंनी माझी खूण त्या डागाच्या डाव्या कडेवर नेली.

काकू ज्या भाषणावर काम करत होत्या ते गावाच्या पैसा फंड काच कारखान्याबद्दलचं होतं. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवला, लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगावात कारखाना उभा राहिला. चौदाव्या मिनिटाला वक्ता म्हणतो, “मोठी रक्कम त्यांनी मागितली”, मग एक सेकंदाहून जास्त थांबतो, “नाही” म्हणतो, पुन्हा थांबतो, आणि मग “मागितला फक्त एक पैसा.”

या सहा-सात सेकंदांवर काकूंनी अर्धा तास घालवला. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. ओळ एक शब्द आधी तोडली की वाचणाऱ्याला नेमका उलटा अर्थ दिसतो. म्हणून काकूंचा नेहमीचा नियम असा, की ‘नाही’ कधी पुढच्या ओळीत ढकलायचं नाही. जागा पुरत नसेल तर वाक्य आधी कुठेतरी तोडायचं, कर्त्यापाशी किंवा ‘म्हणून’, ‘पण’च्या आधी. पण इथे वक्त्यानेच सभागृहाला त्या उलट्या अर्थावर क्षणभर टांगून ठेवलं होतं. अख्खं वाक्य एकदम दाखवलं तर काकांना ‘नाही’ सभागृहाच्या आधी कळतं आणि वक्त्याचा तो थांबा वाया जातो. शेवटी हे असं झालं:

```
212
00:14:07,320 --> 00:14:10,480
मोठी रक्कम त्यांनी मागितली…

213
00:14:10,560 --> 00:14:11,760
नाही.

214
00:14:11,840 --> 00:14:13,900
मागितला फक्त एक पैसा.
```

तीन टिंबं सांगतात की वाक्य संपलेलं नाही. पहिली ओळ बोलणं संपल्यावरही थांब्यात टिकून राहते. ‘नाही’ उच्चारायला अर्धा सेकंदही लागत नाही, पण इतक्या कमी वेळात आलेली ओळ डोळ्याला नुसती लुकलुकते, म्हणून तिला पुढच्या शांततेतली जागा दिली आहे. दोन ओळींमधलं ०.०८ सेकंदाचं अंतर म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओतल्या दोन फ्रेम. तेवढं नसेल तर ओळ बदलली हे लक्षातच येत नाही.

वाचायला वेळ पुरेल का, याचं उत्तर प्रोग्राम देतो, पण ते मराठीला धड लागू होत नाही. पहिल्या ओळीत टिंबं सोडून संगणकात २६ खुणा साठतात, कारण प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त तिथे वेगळा असतो. आपला डोळा तिथे अकरा अक्षरं आणि तीन मोकळ्या जागा पाहतो. रोमन लिपीसाठी ठरवलेली मर्यादा ओलांडल्याची लाल खूण आली म्हणून काकू शब्द कापत नाहीत. ओळ काकांना दाखवतात.

शब्द मात्र बोलले तसेच ठेवतात. वक्ता ‘असं’ म्हणाला तर ‘असे’ लिहीत नाहीत, कारण काका ओठही वाचतात. गाळतात ते फक्त ‘म्हणजे आपलं’सारखे अडखळे. नावं ऐकण्यावर सोडत नाहीत. कारखान्याचे सुरुवातीचे काचतज्ज्ञ ईश्वरदास वार्ष्णेय यांचं नाव वक्त्याने भरभर ‘वाष्णे’ असं उच्चारलं होतं. काकूंनी ते पुस्तकात पाहून लिहिलं.

हजारावर ओळी झाल्या, आठवडा गेला, आणि आयोजकांकडून व्हिडिओची नवी प्रत आली. मधला हारतुऱ्यांचा भाग काढून टाकला होता. एक्केचाळिसाव्या मिनिटापर्यंत सगळं जुळत होतं; पुढे प्रत्येक ओळ ३८ सेकंद उशिरा. काकू चिडल्या नाहीत, तपासायला बसल्या. त्या नेहमी पहिली, मधली आणि शेवटची ओळ पाहतात. चूक सगळीकडे सारखी असेल तर अख्खी फाईल सरकवायची. हळूहळू वाढत असेल तर फ्रेमचा वेग जुळत नाही, तेव्हा दोन टोकं पकडून ताणायची किंवा आवळायची. अशी एकदम उडी दिसली तर कात्री लागलेली असते. तिथपासून पुढच्या ओळी ३८ सेकंद मागे ओढल्या, पण कात्रीच्या दोन्ही बाजूंच्या ओळी हातानेच पुन्हा लावाव्या लागल्या.

मग प्रत टीव्हीवर. पेनड्राइव्ह लावला आणि ‘मागितला’मधली वेलांटी ‘ग’च्या मागे जाऊन बसली, ‘रक्कम’चा क हलन्तासकट सुटा झाला. फाईल बरोबर होती. त्या टीव्हीला देवनागरीची जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. यूटीएफ-८ मध्ये न साठवलेल्या फाईलची चूक वेगळी दिसते, तिथे प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं येतात. टीव्हीच्या अडचणीवर उपाय एकच, अक्षरं चित्रातच छापून टाकायची. व्हॉट्सॲपवर पाठवायलाही तेच करावं लागतं, कारण वेगळी फाईल तिथे व्हिडिओबरोबर चालत नाही. मात्र छापलेली चूक मग काढता येत नाही. ती गावभर फिरते. मला याची काळजी वाटते, आणि काकूंनाही. म्हणून छापण्याआधी त्या ‘दुसऱ्या तऱ्हेची निश्चिती, वार्ष्णेय’ एवढी एक ओळ छापून पाहतात. त्यात ऱ्य, ऱ्ह, पहिली वेलांटी आणि र्ष्ण शाबूत आले तर तो फाँट चालतो.

शेवटची परीक्षा काकांची. आवाज चालू ठेवून ते खुर्चीत बसतात आणि जिथे ओळ मागे पडते तिथे नुसता हात वर करतात. ऐकलेलं अर्धं आणि वाचलेलं अर्धं वेगवेगळ्या वेळी आलं की त्यांना दोन्ही कळेनासं होतं. त्या संध्याकाळी हात सात वेळा वर गेला. काकूंनी सातही वेळा नोंदल्या. चौदाव्या मिनिटाला काका पुढे सरकून बसले, ओळ थांबली, आणि “नाही” ते वक्त्याबरोबरच म्हणाले.