चार रुपये चौरस फूट, पण कुठल्या हिशेबाने?

एप्रिलच्या बिलात मेन्टेनन्स वाढून आला की जिन्यात आणि वॉचमनच्या केबिनजवळ कुजबुज सुरू होते. बहुतेक जण पैसे भरून मोकळे होतात. एखादाच सभासद खजिनदाराला विचारतो, "हा आकडा काढला कसा?" उत्तर येतं, "चौरस फुटाला चार रुपये. कमिटीनं ठरवलंय." हा झाला दर. तो कुठून आला, हे या उत्तरात कुठेच नाही. सभासदाने धरून ठेवायला हवा तो हाच मुद्दा.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आदर्श उपविधी आहेत. मेन्टेनन्स एकाच दराने सगळ्या फ्लॅटना लावायचा, असं त्यांत म्हटलेलं नाही. बिलातल्या प्रत्येक बाबीची वाटणी कशी करायची, हे तिथे वेगवेगळं सांगितलं आहे. वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज, ऑडिट फी, कार्यालयीन खर्च हे सगळं सेवा शुल्कात येतं आणि ते सर्व फ्लॅटमध्ये समान वाटायचं असतं. लिफ्टचा खर्चही त्या इमारतीतल्या सगळ्यांवर समान बसतो, मग कोणी लिफ्ट वापरो वा न वापरो. पाण्याचं बिल नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर वाटलं जातं. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड मात्र फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर असतात. त्यांचे दर सर्वसाधारण सभा ठरवते, पण दुरुस्ती निधी वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का हवा.

एक नमुना घेऊन बघू. समजा, चाळीस फ्लॅटची सोसायटी आहे. वीस फ्लॅट 450 चौरस फुटांचे, वीस 700 चौरस फुटांचे. चार रुपयांच्या दराने लहान फ्लॅटला 1,800 आणि मोठ्याला 2,800 रुपये येतात. महिन्याला एकूण 92,000 रुपये जमतात.

आता तेच 92,000 बाबींप्रमाणे वाटू. सेवा शुल्काचा खर्च 49,000, म्हणजे प्रत्येकी 1,225. लिफ्टचे 8,000, म्हणजे प्रत्येकी 200. पाण्याचे 12,000. लहान फ्लॅटमध्ये चार आणि मोठ्यात सहा सारख्याच आकाराचे नळजोड धरले तर एकूण दोनशे होतात, म्हणजे एका नळजोडाला 60 रुपये. त्यानुसार लहान फ्लॅटला 240 आणि मोठ्याला 360. उरले दोन निधी. बांधकाम खर्च चौरस फुटाला 1,200 रुपये धरला तर लहान फ्लॅटचा 5,40,000 आणि मोठ्याचा 8,40,000 होतो. त्याचा वर्षाला एक टक्का म्हणजे महिन्याला अनुक्रमे 450 आणि 700 रुपये.

बेरीज केली की लहान फ्लॅटचं बिल 2,115 आणि मोठ्याचं 2,485 येतं. सोसायटीच्या तिजोरीत जमणारे पैसे तेवढेच, पण मोठ्या फ्लॅटवाला महिन्याला 315 रुपये जादा भरत होता आणि लहान फ्लॅटवाला तेवढेच कमी. म्हणून सरसकट चौरस फुटाचा दर हा निव्वळ सोयीचा हिशेब ठरत नाही. एकाचा भार त्यात दुसऱ्यावर जातो. 2003 साली व्हीनस सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हीच बाजू उचलून धरली. मोठ्या फ्लॅटला वेगळी सेवा मिळत नसेल, तर निव्वळ क्षेत्रफळावर जादा आकारणी करता येत नाही.

इथे दोन ठिकाणी गल्लत होते. निधी काढताना बांधकाम खर्च धरायचा असतो, त्यात जमिनीची किंमत येत नाही आणि फ्लॅटचा बाजारभाव तर नाहीच. बाजारभाव धरला की निधीचा आकडा अवाच्या सवा फुगतो. दुसरं म्हणजे हे सगळे नियम सोसायटीचे आहेत. इमारत अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली असेल तर तिथे खर्च प्रत्येकाच्या अविभाज्य हिश्शाप्रमाणे वाटला जातो. आपली नोंदणी कुठली, हे आधी पाहावं.

वाटणी कळली तरी बिलातली थकबाकी कळत नाही. त्यासाठी खातेवहीतलं स्वतःचं पान लागतं. त्या पानावर सुरुवातीची बाकी, दर महिन्याचं बिल, जमा पावत्या आणि लावलेलं व्याज तारखेनिशी दिसतं. सगळ्यात जास्त चुका व्याजातच सापडतात. उशिरा भरलेल्या रकमेवर वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्के सरळ व्याज लावता येतं. म्हणजे 10,000 रुपयांच्या थकबाकीवर महिन्याला 175 रुपये. नवी थकबाकी नसताना पुढच्या महिन्यात 178 रुपये व्याज दिसलं, तर व्याजावर व्याज चढतंय, हे लगेच ओळखता येतं. सरळ व्याजाने दोन वर्षांत 4,200 रुपये होतात, तर दरमहा चक्रवाढ लावली की 5,164. हिशेब ठेवताना मुद्दल आणि व्याज एकाच रकान्यात मिसळलं की हे घडतं. त्यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. पण चूक ती चूकच, आणि ती पान बघितल्याशिवाय उघड होत नाही.

हे पान बघणं हा सभासदाचा कायदेशीर हक्क आहे, खजिनदाराची मेहरबानी नाही. सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 नुसार सभासदाला कायदा, नियम, उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेची व कमिटीची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहारांची नोंद असलेला दप्तराचा भाग कार्यालयात विनामूल्य पाहता येतो. फी भरून नकलाही मिळतात. 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात जे वेगळं प्रकरण आलं, त्यातही हा हक्क आहे. मात्र त्यात "स्वतःच्या" हा शब्द महत्त्वाचा. शेजाऱ्याची थकबाकी किती, हे या हक्कात बसत नाही.

त्यामुळे अर्ज मोघम नसावा. "सगळा हिशेब दाखवा" असं लिहिलं की उत्तर टाळायला वाव मिळतो. दर ठरवणाऱ्या सभेचा ठराव आणि तारीख, गेल्या वर्षाचा बाबवार खर्च, माझ्या फ्लॅटचा धरलेला बांधकाम खर्च व नळजोड, आणि अमुक तारखेपासूनचा माझ्या खात्याचा उतारा, एवढं मागितलं की सचिवाला नेमकं काय द्यायचं ते कळतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

तोवर बिल थांबवू नये. थकबाकी वसुलीसाठी सोसायटी निबंधकांकडून वसुली दाखला मिळवू शकते, आणि मग मूळ प्रश्न बाजूला पडून सभासदच थकबाकीदार ठरतो. पैसे भरावेत आणि सोबत "हरकत राखून" असं लेखी कळवावं. कागद दिले नाहीत तर तक्रार उपनिबंधकांकडे जाते, आकारणीचा वाद मात्र कलम 91 खाली सहकार न्यायालयात.

बहुतेक प्रकरणं तिथवर जायची गरज पडत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि मेन्टेनन्सचा दर बदलायची खरी जागा तीच. अर्ज जूनमध्येच द्या, म्हणजे सभेला जाताना ठराव, ताळेबंद आणि स्वतःच्या खात्याचा उतारा हातात असेल.