नव्या घराला आशीर्वाद देताना

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. आता शहरात घर कोणी बांधत नाही, बुक करतं. तरी त्या म्हणीतला घाम काही कमी झालेला नाही. कर्ज, नोंदणी, लांबलेला ताबा, सुतार आणि इलेक्ट्रिशियन यांच्या तारखा हे सगळं पार पडतं, मग एकदाची वास्तुशांत होते आणि संध्याकाळी नातेवाइकांच्या फोनवर ढीगभर फोटो येऊन पडतात. त्यावरचं उत्तर बहुतेकांचं ठरलेलं असतं: ‘खूप सुंदर घर, अभिनंदन!’ यात चूक काही नाही. पण हेच वाक्य शेजारच्या विंगेतल्या घरालाही चालतं, आणि ज्यांनी हे घर उभं केलं त्यांना ते कळतं.

आपल्याकडे नव्या घराविषयी काय बोलावं याला पूर्वीपासून महत्त्व आहे. वास्तुपुरुष सारखा ‘तथास्तु’ म्हणत असतो, म्हणून घरात वाईट बोलू नये, ही शिकवण बहुतेकांनी आजीकडून ऐकलेली असते. त्यामुळे जुने आशीर्वाद फार हिशेबी आहेत. ‘भरल्या घरात नांदा’, ‘घराचं गोकुळ होवो’, ‘आल्यागेल्याला कमी पडू नये’ असं म्हणताना घर किती मोठं, किती महाग, याचा उल्लेखच येत नाही. मागितलं जातं ते अन्न, माणसं आणि त्यांचं येणंजाणं. आणखी एक शिस्त अशी, की आशीर्वाद मोठ्यांनी द्यायचा. काकांनी निवृत्तीनंतर घर घेतलं तर पुतण्याने ‘सुखाने नांदा’ असं लिहू नये. ‘काकूच्या हातचं जेवायला आणि तुमच्या पाया पडायला येतोय’ असं लिहावं. शुभेच्छा तीच, पण नात्याला शोभणारी.

आता या आशीर्वादाला त्याच घराचा कसं करायचं? फोटोत दिसलेली एक गोष्ट उचलायची आणि आशीर्वाद तिच्यावर उभा करायचा. एकच. चार गोष्टींची यादी केली की ती पाहणी वाटते. गोष्ट कोणती उचलायची, हे मात्र विधी थोडा माहीत असेल तर चांगलं सुचतं. त्यासाठी वास्तुशांतीतला एकच भाग नीट पाहू.

मत्स्यपुराणातली कथा अशी, की अंधकासुराशी लढताना शंकराच्या घामातून एक प्रचंड भुकेलं भूत जन्माला आलं. ते सगळं जग खाऊ लागलं, तेव्हा देवांनी त्याला जमिनीवर पालथं पाडलं आणि जो जिथे बसला तो तिथेच राहिला. हाच वास्तुपुरुष. त्याचं डोकं ईशान्येला, पाय नैर्ऋत्येला. घरासाठी आखायच्या 81 चौकोनांच्या मंडलात त्याच्या अंगावर 45 देवता बसवतात. त्याला वर मिळाला तो असा, की घर बांधणारा माणूस त्याला त्याचा वाटा देईल. थोडक्यात, आपण ज्या जमिनीवर राहतो तिच्याखाली एक भुकेला आहे आणि त्याला उपाशी ठेवायचं नाही, असा हा करार आहे.

होम झाल्यावर त्या वास्तुपुरुषाची छोटी धातूची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात. ती एका पेटीत पालथी ठेवतात. सोबत सप्तधान्य, पंचरत्नं, शेवाळ, फुलं असतात. याला वास्तुनिक्षेप म्हणतात. मातीच्या जमिनीच्या घरात हे सोपं होतं. कोपऱ्यात खड्डा खणला, पेटी ठेवली, वर सारवून घेतलं.

फ्लॅटमध्ये मात्र इथेच घोळ होतो. फरशीखाली दीड-दोन इंचांचा मसाल्याचा थर असतो आणि त्याखाली लगेच स्लॅब. स्लॅबमध्ये सळया असतात, त्यामुळे तिथे छिन्नी लावायची नसते. म्हणजे पेटी त्या थरातच मावली पाहिजे, जेमतेम इंचभर उंचीची. हल्लीच्या मोठ्या व्हिट्रिफाइड फरश्या अखंड निघत नाहीत, फुटतात. म्हणून जाणता गवंडी भिंतीलगत ग्राइंडरने वीतभर चौकोन कापून घेतो, किंवा मुळात फरशी बसवतानाच तेवढा तुकडा सुटा ठेवतो. त्याच लॉटच्या दोन फरश्या आधीच मागून ठेवलेल्या बऱ्या, नंतर त्या रंगाची फरशी मिळत नाही. आग्नेयेला नेमकं न्हाणीघर आलं तर तिथे फोडणं म्हणजे वॉटरप्रूफिंग फोडणं, आणि मग खालच्या मजल्याच्या छतावर ओल. अशा वेळी काही गुरुजी प्रतिमा आग्नेयेच्याच दुसऱ्या खोलीत किंवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायला सांगतात. घराघरांत आणि शाखेशाखेत पद्धत वेगळी असते, म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी गुरुजींना विचारलेलं बरं.

पेटी ठेवल्यावर तुकडा पुन्हा बसवतात आणि सांध्यात व्हाइट सिमेंट भरतात. पेटीभोवती मसाला नीट ठासला नाही, तर ती फरशी पोकळ राहते. नाण्याने टकटक केली की शेजारची फरशी भरीव वाजते आणि ही ढबढब. अशी फरशी कधीतरी पाय जोरात पडला की तडकते. काम चांगलं झालं असेल, तर खूण एकच उरते: बाकीचे सांधे मळकट झालेले असतात आणि या चौकोनाचा सांधा काही आठवडे पांढराशुभ्र दिसतो.

डोंबिवलीच्या माझ्या भाचीच्या वास्तुशांतीचे फोटो आले त्यात हाच चौकोन दिसला. फोटो खरं तर पंगतीचा होता. मागे स्वयंपाकघर, आणि ओट्याच्या टोकाला, भिंतीलगत, पांढऱ्या सांध्याचा छोटा तुकडा, त्यावर हळदीकुंकू आणि झेंडूचं एक फूल. अग्नीची दिशा म्हणून स्वयंपाकघर अनेकदा आग्नेयेलाच असतं, त्यामुळे यात नवल नव्हतं. लक्ष गेलं ते ट्रॉल्यांकडे. ओट्याखालच्या स्टीलच्या ट्रॉल्या भिंतीपर्यंत न जाता वीतभर अलीकडेच थांबवलेल्या होत्या. शहरातल्या स्वयंपाकघरात वीतभर जागा म्हणजे तेलाचा डबा आणि दोन बरण्या. ती कोणीतरी ठरवून सोडली होती, कारण तिथे सणावारी नैवेद्याचं ताट ठेवता यायला हवं होतं.

मी तिला आणि जावयांना लिहिलं: ‘ओट्याखाली ट्रॉल्या वीतभर अलीकडे थांबवून वास्तुपुरुषाला जागा ठेवलीत, फार बरं वाटलं. त्या ओट्यावर शिजलेलं कधी कमी पडू नये आणि जेवायला माणसं कायम असावीत. सुखाने नांदा. – मावशी’

यात तीन गोष्टी आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी दिसलेली वस्तू, जागेसकट. मग त्या वस्तूमागची माणसं, म्हणजे ‘ठेवलीत’. श्रेय घराला नाही, घरच्यांना. शेवटी आशीर्वाद, आणि तो त्याच जागेतून उगवलेला: कोपरा आग्नेयेचा, तिथे चूल, म्हणून मागणं अन्नाचं. हेच मी ‘तुमची भरभराट होवो’ असं संपवलं असतं, तर वरचं निरीक्षण लोंबकळत राहिलं असतं. वस्तू आणि मागणं यांची गाठ पडली पाहिजे.

हीच रीत दुसऱ्या फोटोंनाही लागू पडते. शेगडीच्या बर्नरभोवती दुधाचा करपट डाग दिसला, तर दूध चांगलं उतू गेलं म्हणायचं आणि तसंच उतू जाणारं गोकुळ मागायचं. देवघरात सगळं नवं असताना एकच घासून झिजलेली पितळी समई दिसली, तर ती आजीच्या घरची असणार. ती तेवत राहो, एवढंच पुरे. भाड्याच्या घरात फरशी फोडता येत नाही, तिथे लोक वास्तुशांतीऐवजी उदकशांत करतात. अशा फोटोत पाणी भरलेला कलश आणि घरभर शिंपडायची आंब्याची डहाळी दिसेल. ते घर दोन वर्षांनी सुटणार असतं, म्हणून ‘पिढ्यान्‌पिढ्या नांदा’ तिथे शोभत नाही. ‘इथून पाऊल पुढेच पडो’ हे शोभतं.

चुका होतात त्या बहुधा निरीक्षणाच्या नावाखाली. ‘देवघर दक्षिणेला कसं घेतलं?’ हे निरीक्षण नव्हे, सल्ला आहे, आणि भिंती उभ्या राहिल्यावर त्याचा उपयोग शून्य. ‘गॅलरीतून समोरची बिल्डिंग फारच जवळ दिसते’ हे खरं असेल, पण ते घरच्यांना रोज दिसणारच आहे. खोल्यांची मापं, हप्ता, सोफ्याची किंमत यांचा उल्लेख आला, की वाचणाऱ्याला आधी दृष्टीची आठवण होते आणि मग दारावरच्या लिंबू-मिरचीची. पैशाने विकत आलेल्या वस्तूपेक्षा कोणीतरी विचार करून केलेली गोष्ट उचलावी. तोरण विकतचं आहे की घरी ओवलेलं, हे पानांच्या देठांवरून आणि दोऱ्याच्या गाठींवरून कळतं; ओवलेलं असेल तर ओवणारीचं नाव घ्यावं.

भाचीचा लगेच फोन आला. त्या वीतभर जागेवरून तिची सुताराशी चांगलीच वादावादी झाली होती. ‘एवढी जागा फुकट कशाला घालवता?’ म्हणून तो ऐकायलाच तयार नव्हता, सासूबाईंनाही आधी पटलं नव्हतं, आणि शेवटी जावयांनी टेप घेऊन स्वतः खूण केली होती. एवढ्या पाहुण्यांत हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मला फक्त चौकोन दिसला होता. त्यामागची गोष्ट त्या दोन ओळींमुळे तिने आपणहून सांगितली.

लिहून झाल्यावर पारख करायची ती अशी. आपलं वाक्य उचलून ओळखीच्या दुसऱ्या एखाद्या नव्या घराला लावून पाहावं. तिथेही चपखल बसलं, तर फोटो पुन्हा उघडावेत आणि बोटांनी मोठे करून कोपरे, उंबरा, ओटा पाहावा. असं पाहताना भिंतीवरचा टीव्ही किती इंची आहे तेही दिसतंच. ते मात्र लिहू नये.