वाहिनीपुढे ठेवायची वही : कार्टून मालिकेचे 'बायबल' कसे बांधतात?

अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात 'बायबल' हा शब्द ऐकून आमच्या एका वयोवृद्ध वाचकांनी भुवया उंचावल्या. त्यांचा गैरसमज आधी दूर करतो. या शब्दाचा कोणत्याही धर्मग्रंथाशी संबंध नाही. मुलांची कार्टून मालिका वाहिनीला विकायला नेताना जी दहा-वीस पानांची सचित्र वही सोबत न्यायची असते, तिला या व्यवसायात बायबल म्हणतात. मालिका मंजूर झाली की लेखकांसाठी आणि चित्रकारांसाठी याहून जाड वही तयार होते. तिचा विचार येथे नाही. आम्ही पहिल्या, म्हणजे विक्रीच्या वहीबद्दल लिहीत आहोत, कारण चित्रकला उत्तम असूनही आपली होतकरू मुले अडखळतात ती येथेच.

बहुतेक नवखे लोक वहीची सुरुवात चित्रांनी करतात. नायक देखणा, रंग झकपक, पण पुढे काय? वाहिनीचा अधिकारी चित्रे पाहतो, मान डोलावतो आणि विचारतो, "पन्नासावा भाग कशावर असेल?" हा प्रश्न खवचट नाही. मुलांच्या मालिका साधारणपणे अकरा मिनिटांच्या बावन्न भागांच्या हिशेबाने मागितल्या जातात. दोन भाग मिळून अर्ध्या तासाची एक जागा भरते. एक सुंदर गोष्ट सांगता येणे वेगळे आणि बावन्न गोष्टी सतत देऊ शकणारी विहीर खोदणे वेगळे. बायबल म्हणजे त्या विहिरीला पाणी आहे याचा पुरावा.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा मालिकेचे नाव 'नानांचे दुकान'. मालेगावच्या एका गल्लीत नानांचे घड्याळ-रेडिओ दुरुस्तीचे दुकान आहे. त्यांची सात वर्षांची नात जैबा शाळा सुटली की तेथे येऊन बसते. दर भागात कोणीतरी एक बिघडलेली वस्तू घेऊन येते, आणि वस्तूपेक्षा जास्त बिघडलेले काहीतरी त्या माणसाच्या घरात असते. ही झाली मालिकेची विहीर. वहीच्या पहिल्या पानावर एवढेच दोन-तीन वाक्यांत यावे. 'ही मालिका मुलांना सद्गुण शिकवते' असे लिहू नये. तसे सगळेच लिहितात आणि त्यातून एकही भाग निघत नाही.

यानंतर पात्रे. येथे 'जैबा हुशार व गोड आहे' असे लिहिणे म्हणजे शाई वाया घालवणे. जैबाला काय हवे आणि तिची खोड कोणती, हे लिहावे. तिला प्रत्येक वस्तू उघडून पाहायची घाई असते; जोडायच्या वेळी एक स्क्रू नेहमी उरतो. धाकटा भाऊ अमान कोणत्याही गोष्टीला हात लावायला भितो, पण कोणता स्क्रू कोठून निघाला ते त्याला बरोबर आठवते. शेजारचा भंगारवाला सदू सगळे काही 'नवेच घ्या' म्हणतो, कारण जुने त्याच्याकडे जाते. आता ही तिघे एका बंद पडलेल्या भोंग्यापाशी उभी करा, भांडण आपोआप सुरू होते. परीक्षा सोपी आहे. संवादावरची नावे झाकावीत आणि वाक्य कोणाचे ते घरातल्या मुलाला ओळखायला सांगावे. ओळखता आले नाही तर पात्रे अजून कच्ची आहेत.

आता खरी अडचण. दुरुस्तीच्या दुकानात तापलेली कैया असते, विजेचा प्लग असतो. पडद्यावरचे मूल जे करते ते घरचे मूल करून पाहते, म्हणून वाहिन्या अशा दृश्यांबाबत फार कडक असतात. जैबाने स्वतः डाग दिला तर वही त्याच पानावर बंद होते. मग नानांनीच सगळे दुरुस्त केले तर? तेही चालत नाही, कारण मुलांच्या मालिकेत मोठ्या माणसाने गाठ सोडवली की नायक नुसता प्रेक्षक उरतो. म्हणून वहीत एक नियम स्पष्ट लिहावा : कैया आणि वीज नानांच्याच हातात, दोष कोठे आहे हे मात्र नेहमी मुलेच शोधतात. असे दोन-तीन नियम वाचले की अधिकाऱ्याला कळते, समोरच्याने काम पूर्ण विचारून केले आहे.

नंतर येतात भागांची बीजे, प्रत्येकी तीन-चार ओळींची, निदान दहा. 'जैबा प्रामाणिकपणा शिकते' हे बीज नव्हे. हे पाहा : शिक्षिकेचे मनगटी घड्याळ दुरुस्तीला येते. परीक्षा लांबावी म्हणून अमानचा मित्र ते दहा मिनिटे मागे ठेवायला सांगतो. जैबा तसे करते, आणि त्या घड्याळामुळे शिक्षिकेची गावाकडची शेवटची बस चुकते. आता मुलांनी काय करायचे? यात चूक आहे, तिची किंमत आहे आणि मुलांच्या हातून होईल अशी भरपाई शोधायची आहे. शिवाय हा भाग कधीही दाखवता येतो. वाहिन्या भाग उलटसुलट क्रमाने पुन्हा पुन्हा लावतात, म्हणून प्रत्येक गोष्ट त्याच भागात संपलेली त्यांना बरी वाटते.

खर्चाची जाणीवही वहीतून दिसली पाहिजे. कायमची ठिकाणे चार-पाचच असावीत : दुकान, गल्ली, शाळा, घर. संगणकावरच्या त्रिमिती चित्रणात गर्दी, पाणी आणि हवेत उडणारे कापड महाग पडते. जैबाची मोकळी ओढणी दर दृश्यात वेगळी सांभाळावी लागेल. पिन लावून घट्ट बसवलेला रुमाल स्वस्तात होतो. आपल्या शिंपी बांधवांना हे पटकन उमजेल.

लहान सुरुवात करूनही मोठे होता येते, याचे उदाहरण मलेशियात आहे. 'उपिन आणि इपिन' ही दोन जुळ्या भावांची मालिका २००७ साली रमजाननिमित्त टीव्ही ९ वाहिनीवर अवघ्या सहा छोट्या भागांनी सुरू झाली. आजी आणि मोठ्या बहिणीकडे वाढणारी पाच वर्षांची पोरकी मुले, पहिला रोजा, एक गाव. भोवती मलय, चिनी, शीख आणि तमीळ घरांतली मुले आहेत. त्यांतला मेल नावाचा मुलगा सतत काहीतरी विकत असतो. आमच्या वाचकांना तो आवडावा. एवढ्या सामग्रीवर ती मालिका आजवर वाढत आली आहे.

वही दाखवण्यापूर्वी हक्कांचे पाहावे. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात ते स्पष्ट केले. 'दुरुस्तीच्या दुकानातली मुलगी' कोणीही करू शकतो. आपण लिहिलेला मजकूर आणि काढलेली चित्रे मात्र आपली असतात. म्हणून वही जितकी तपशीलवार, तितके संरक्षण जास्त. तारखेसह नोंदणी करून मगच ती बाहेर द्यावी.

करार समोर आला की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १९ वे कलम आठवावे. हक्क लेखी दिले पण मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे मानली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर तो परत येतो. परंतु हे सर्व 'करारात अन्यथा लिहिले नसेल तर'. वाहिनीचे वकील ते अन्यथा बहुधा लिहून ठेवतात. खेळणी, दप्तरे, कपडे यांचा हक्क प्रसारणाच्या हक्कापासून वेगळ्या परिच्छेदात मागावा. मालिकेच्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी खेळण्यांसाठी वर्ग २८, कपड्यांसाठी २५ आणि वह्या-पुस्तकांसाठी १६ मध्ये होते. ती वाहिनीच्या नावाने होणार की आपल्या, हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावे.