मीटर मोजतो आणि बिघडवतोही

समोरचा मीटर १ मिलिअँपिअरचा आहे. एवढा प्रवाह गेला की काटा शेवटच्या रेघेवर जातो. याचा १० व्होल्टचा व्होल्टमीटर करायचा, तर आधी कुंडलीचा रोध हवा. मल्टिमीटर सरळ कुंडलीला लावू नये. ओमच्या रेंजवर त्यातून येणारा प्रवाह झेपला नाही, तर काटा टोकाला आपटतो. त्यापेक्षा ९ व्होल्टची बॅटरी घ्यावी, १० किलोओमचा बदलता रोध एकसर लावून तो जास्तीत जास्त ठेवावा, आणि हळूहळू कमी करत काटा पूर्ण न्यावा. मग कुंडलीला समांतर दुसरा बदलता रोध जोडून काटा निम्म्यावर आणावा. हा दुसरा रोध काढून मोजला की कुंडलीचा रोध जवळपास कळतो. इथे तो १०० ओम निघाला.

१० व्होल्टला १ मिलिअँपिअर जायचा, म्हणजे एकूण रोध १०,००० ओम. त्यातले १०० कुंडलीचे, उरलेले ९,९०० एकसर लावायचे.

याच मीटरचा १ अँपिअरचा अँमीटर करायचा, तर ९९९ मिलिअँपिअर शंटमधून वळवावे लागतात. पूर्ण काट्याला कुंडलीवर ०.१ व्होल्ट पडतात, म्हणून शंट साधारण ०.१ ओमचा. इथे सांधा घात करतो. मीटरच्या तारा मुख्य तारांच्या स्क्रूवरच कसल्या, तर तिथला ०.०१ ओमचा ढिला सांधाही शंटमध्ये धरला जातो आणि काटा दहा टक्के जास्त दाखवतो. मीटरच्या तारा शंटच्या पट्टीवर, आतल्या बाजूला वेगळ्या जोडाव्यात. त्या सुटल्या तर काटा शून्यावर येतो, एवढंच. पण शंटच सुटला, तर सगळा प्रवाह कुंडलीत जाऊन ती जळते.

आता व्होल्टमीटरची परीक्षा. १० व्होल्टच्या सप्लायवर १० किलोओमचे दोन रोध एकसर लावले. मध्यबिंदूवर ५ व्होल्ट असायला हवेत. काटा मात्र ३.३ वर थांबतो. मीटर बरोबर आहे, पण त्याचे १० किलोओम खालच्या रोधाला समांतर बसले, तिथे ५ किलोओम झाले आणि व्होल्टेज खरंच ३.३ वर उतरलं.

हे ओळखायचं कसं? मल्टिप्लायर वाढवून मीटर ५० व्होल्टच्या रेंजला न्यावा. एकूण रोध ५० किलोओम होतो आणि काटा साडेचारच्या थोडा वर जातो. दोन रेंजवर दोन आकडे आले, की मीटर सर्किटवर ओझं टाकतोय हे नक्की. मोठ्या रेंजवर काटा थोडाच हलतो, वाचायला कठीण जातो, तरी तोच आकडा खऱ्याच्या जवळचा. थेट बॅटरीवर मात्र दोन्ही रेंजवर आकडा तोच येतो, कारण तिचा आतला रोध मीटरच्या मानाने नगण्य असतो.